7.04, 7.50, 7.64 की 7.95? प्रोजेक्टाइलच्या जवळजवळच्या पर्यायांतून उत्तर कसं निवडायचं

“सर, माझं 7.95 आलंय. पर्यायात आहे.”

अकरावीच्या वर्गात एका मुलीने कच्च्या कामाचं पान पुढे करत मला हे सांगितलं. उत्तर पर्यायात असल्यामुळे ते बरोबरच असणार, याबद्दल तिला शंका नव्हती. तिच्या शेजारच्या मुलाचं 7.04 आलं होतं आणि तेही पर्यायात होतं. सूत्र दोघांनी एकच वापरलं होतं आणि ते बरोबर होतं. प्रश्न असा होता:

जमिनीवरून 20 मीटर प्रति सेकंद वेगाने, आडव्या रेषेशी 45° चा कोन करून चेंडू मारला. 30 मीटर अंतरावर एक भिंत आहे. चेंडू भिंतीवरून जाताना जमिनीपासून किती उंचीवर असेल? (g = 10 मीटर प्रति सेकंद²)
पर्याय: 7.04 मी., 7.50 मी., 7.64 मी., 7.95 मी.

पर्याय जवळजवळचे असले की मुलांना वाटतं, पेपर काढणाऱ्याने आकडे सहज इकडेतिकडे हलवलेत. तसं क्वचितच असतं. प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे एक ठरलेली चूक असते आणि ती चूक करणाऱ्याला आपलं उत्तर समोर छापलेलं दिसतं. नीटला चुकीच्या उत्तराचा एक गुण कापला जातो, सीईटीला कापला जात नाही. पण कॅल्क्युलेटर दोन्हीकडे नसतो, त्यामुळे हाताने केलेल्या आकडेमोडीत चूक नेमकी कुठून शिरते आणि किती मोठी होते, हे माहीत असावं लागतं. प्रोजेक्टाइलमध्ये ते कळायची वाट एकच आहे: गती आडवी आणि उभी अशी वेगळी लिहायची, आणि ते होईपर्यंत पर्यायांकडे बघायचं नाही.

पानाच्या मधोमध रेघ

कच्च्या कामाच्या पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे आडव्या गतीचं सगळं, उजवीकडे उभ्या गतीचं सगळं. आडव्या दिशेने कुठलंच बल नाही, म्हणून वेग बदलत नाही. उभ्या दिशेने गुरुत्वाकर्षण आहे, म्हणून वेग दर सेकंदाला 10 ने बदलतो. दोन्ही गती एकाच वेळी चालू असतात आणि एकमेकींच्या कामात लुडबुड करत नाहीत. गॅलिलिओने 1638 मध्ये हेच मांडलं आणि दोन्ही मिळून मार्ग पॅराबोला होतो हे दाखवलं. हवेचा विरोध धरला तर ही वाटणी एवढी सरळ राहत नाही, कारण तो विरोध एकूण वेगावर अवलंबून असतो आणि दोन्ही घटक एकमेकांत गुंततात. परीक्षेतल्या प्रश्नात तो सोडून दिलेला असतो म्हणूनच ही रेघ मारता येते.

रेघेच्या दोन्ही बाजूंना सारखी असते ती फक्त वेळ. म्हणून t मी रेघेवरच लिहायला सांगतो.

```
आडवं              |  उभं (वर +)
ux = 20 cos 45°   |  uy = 20 sin 45°
ax = 0            |  ay = -10
x  = 30           |  y  = ?
                  t
```

इथे बहुतेक जण लगेच √2 ची किंमत टाकतात. तो मोह आवरा. ux ला 10√2 असंच राहू द्या, 14 किंवा 14.14 करू नका. डाव्या बाजूने वेळ मिळते: t = 30/(10√2) = 3/√2. ही वेळ तशीच उजवीकडे न्यायची. तिथे सूत्र y = uy·t − ½gt². पहिलं पद 10√2 × 3/√2, म्हणजे 30. दुसरं पद 5 × 9/2, म्हणजे 22.5. वर्गमूळ दोन्हीकडे आपोआप गेलं. y = 30 − 22.5 = 7.5 मीटर.

कोन 45° असेल तेव्हा वर्गमूळ असं जातंच. पहिल्या पदात शेवटी फक्त x tan θ उरतं, आणि दुसऱ्या पदात t चा वर्ग होतो, म्हणून तिथेही मूळ राहत नाही. 30° आणि 60° ला पहिल्या पदातल्या tan θ मध्ये √3 उरेल, पण ते एकदाच आणि अगदी शेवटी येतं. मधल्या पायरीवर दशांश टाकण्याची गरज नसताना आपण ते टाकतो, आणि चूक तिथूनच आत येते.

चूक आडव्या बाजूला तेवढीच राहते, उभ्या बाजूला फुगते

शेजारच्या मुलाने √2 ला 1.4 धरलं होतं. खरी किंमत 1.414, म्हणजे चूक फक्त 1 टक्क्याची. मग ux झाला 14 आणि वेळ झाली 30/14, खऱ्यापेक्षा 1 टक्का जास्त. वर्ग केल्यावर ती चूक 2 टक्के झाली आणि दुसरं पद 22.5 ऐवजी 22.96 आलं. इथपर्यंत काही बिघडलंय असं वाटत नाही. पण आता वजाबाकी आहे: 30 − 22.96 = 7.04. मोठ्या संख्येतून तिच्या जवळपासची मोठी संख्या गेली आणि लहान संख्या उरली. चूक मात्र तेवढीच, 0.46 राहिली. 22.5 च्या तुलनेत 0.46 म्हणजे 2 टक्के, पण 7.5 च्या तुलनेत तीच 6 टक्के. 1 टक्क्याची चूक 6 टक्के होऊन बाहेर पडली.

या प्रकारच्या प्रश्नांत मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. आडव्या बाजूला फक्त गुणाकार-भागाकार असतो, त्यामुळे 1 टक्क्याची चूक 1 टक्काच राहते. उभ्या बाजूला वजाबाकी असते, आणि वर गेलेला चेंडू खाली येत असताना ही दोन पदं एकमेकांच्या फार जवळ आलेली असतात. दोन्ही भाग एका लांबलचक सूत्रात कोंबले की ही वजाबाकी नजरेआड होते. वेगळे लिहिले की ती समोर दिसते आणि काळजी नेमकी कुठे घ्यायची ते कळतं: उजव्या बाजूला, वजाबाकी करण्याच्या आधी.

आता त्या मुलीचं 7.95. तिने सवयीने g ला 9.8 धरलं होतं. दुसरं पद 4.9 × 4.5 = 22.05, आणि 30 − 22.05 = 7.95. दहाऐवजी 9.8 म्हणजे 2 टक्क्यांचा फरक, तोही वजाबाकीतून जाऊन 6 टक्के झाला. तिसऱ्या एका मुलाचंही 7.95 आलं होतं, आणि त्याने तर g बरोबर 10 धरलं होतं. त्याने t = 2.12 ला 2.1 करून टाकलं होतं आणि पहिलं पद मात्र 30 ठेवलं होतं: 5 × 4.41 = 22.05. दोन वेगळ्या चुका एकाच पर्यायावर येऊन थांबल्या. त्यानेच t = 2.1 दोन्ही पदांत वापरला असता तर 14.14 × 2.1 = 29.69 आणि उत्तर 7.64 आलं असतं, म्हणजे उरलेला पर्याय. चारही पर्याय कुठून आले ते आता उघड झालं.

याहून गंमत अशी की एखाद्याने √2 = 1.4 आणि g = 9.8 या दोन्ही चुका एकदम केल्या, तर दुसरं पद 4.9 × 900/196 होतं, आणि ते बरोब्बर 22.5 येतं. उत्तर 7.50! 1.4 चा वर्ग 1.96, आणि 1.96 ला 5 ने गुणलं की 9.8. दोन चुका एकमेकींना पुरत्या खाऊन टाकतात. अशा मुलाला गुण मिळतो, पद्धत बरोबर असल्याची खात्री वाटते आणि पुढच्या प्रश्नात तो फसतो. उत्तर पर्यायात सापडलं म्हणजे ते तपासून झालं, असं मी मुलांना मानू देत नाही ते यामुळेच.

दुसऱ्या वाटेने तपासणी

तपासणी म्हणजे तीच आकडेमोड पुन्हा करणं नव्हे, कारण हात तीच चूक पुन्हा करतो. दुसरी वाट धरावी लागते. या प्रश्नात ती फार सोपी आहे. रेंज काढा: u² sin 2θ / g = 400/10 = 40 मीटर. इथे वर्गमूळ कुठेच नाही. मार्ग मध्याच्या दोन्ही बाजूंना सारखा असतो, म्हणून 30 मीटरवरची उंची आणि 10 मीटरवरची उंची एकच. आता 10 मीटरवरची उंची काढा: पहिलं पद 10, दुसरं पद 5 × (1/√2)² = 2.5. वजाबाकी 10 − 2.5 = 7.5.

इथे वजा होणारं पद लहान आहे, म्हणून चूक फुगत नाही. √2 ला 1.4 धरलं तरी 10 − 2.55 = 7.45 येतं, जे 7.50 सोडून कुठल्याच पर्यायाजवळ जात नाही. म्हणून चेंडू उतरत्या बाजूला असेल आणि जमिनीवरून मारून जमिनीवरच पडणार असेल, तर गणित त्याच्या चढत्या बाजूच्या जोडबिंदूवर करा. फक्त एक पथ्य पाळा: जोडबिंदू शोधायला रेंज अचूक लागते, आणि g तोच लागतो जो प्रश्नात दिलाय.

आणखी झटपट हवं असेल तर शिखरावरून खाली बघा. सर्वांत जास्त उंची uy²/2g = 200/20 = 10 मीटर, आणि ती 20 मीटर अंतरावर. भिंत शिखराच्या पुढे 10 मीटरवर, म्हणजे शिखरापासून जमिनीपर्यंतच्या आडव्या वाटेच्या बरोबर निम्म्यात. आडवं अंतर निम्मं म्हणजे वेळ निम्मी, आणि वेळ निम्मी म्हणजे पडणं एक चतुर्थांश. 10 चा चतुर्थांश 2.5, म्हणून उंची 7.5. पेन न उचलता होणारं काम आहे हे, आणि यातही आडवं व उभं वेगळं ठेवल्यामुळेच जमतं.

g कुठला धरायचा

प्रश्नात g दिला असेल तर तोच धरायचा, सवय काहीही असो. दिला नसेल तर आधी पेपरच्या सूचना बघा, मग प्रश्नातले आकडे बघा. वेग 20, 40, 50 असा असेल तर बहुतेक वेळा g = 10 धरून प्रश्न बेतलेला असतो. वेग 9.8, 19.6, 49 असा, किंवा उंची 4.9, 19.6, 44.1 अशी असेल तर g = 9.8 धरल्यावरच भागाकार नीट सुटतो.

चुकीचा g धरला तर उत्तर किती सरकेल हेही आधी सांगता येतं. जमिनीवरून जमिनीवर पडणाऱ्या चेंडूची रेंज g च्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणून 10 ऐवजी 9.8 धरलं की ती 2 टक्के वाढते. उंचावरून सरळ आडवा फेकला तर वेळ √(2h/g) असते, मुळाखाली g असल्यामुळे अंतर फक्त 1 टक्का वाढतं. उंचावरून तिरका वर फेकला तर वाढ या दोहोंच्या मधली. पर्यायांत दोन आकडे एकमेकांपासून 1 ते 2 टक्क्यांवर दिसले की थांबा आणि आपण g कुठला घेतला ते पुन्हा बघा. ती जोडी बहुधा त्याचसाठी ठेवलेली असते.

उंचावरून फेकलेला चेंडू

आता दुसरा प्रश्न पूर्ण सोडवू, कारण यात चिन्हाची भानगड येते.

15 मीटर उंच इमारतीच्या गच्चीवरून 20 मीटर प्रति सेकंद वेगाने, आडव्या रेषेच्या वर 30° कोनात दगड फेकला. इमारतीच्या पायथ्यापासून तो किती अंतरावर पडेल? (g = 10)
पर्याय: 51.0 मी., 52.0 मी., 52.8 मी., 64.6 मी.

रेघ मारा. डावीकडे ux = 20 cos 30° = 10√3, ax = 0, x शोधायचा आहे. उजवीकडे uy = 20 sin 30° = 10, ay = −10. आणि y? दगड सुटला गच्चीवर आणि पडला जमिनीवर, गच्चीच्या 15 मीटर खाली. वर अधिक धरलं तर y = −15. हे उणे चिन्ह इथेच लिहायचं, पुढे “मग टाकू” म्हणून सोडायचं नाही.

मागच्या प्रश्नात वेळ डावीकडून मिळाली होती, इथे ती उजवीकडून मिळेल, कारण डावीकडे दोन गोष्टी माहीत नाहीत आणि उजवीकडे एकच. वेळ कुठल्या बाजूने काढायची हे सूत्र पाठ करून कळत नाही. ज्या बाजूला एकच अज्ञात आहे तिथून सुरुवात करायची, बस्स.

−15 = 10t − 5t². पाचाने भागून मांडलं की t² − 2t − 3 = 0, म्हणजे (t − 3)(t + 1) = 0. उत्तर t = 3 सेकंद. उणे 1 हे दुसरं मूळ सोडून द्यायचं, कारण ती वेळ दगड फेकण्याआधीची आहे. y चं चिन्ह चुकून +15 झालं असतं तर समीकरण t² − 2t + 3 = 0 होतं आणि त्याला वास्तव मूळच नाही. ते आपल्याला बजावतं की दगड 15 मीटर वर कधीच जात नाही, तो जास्तीत जास्त 5 मीटर वर जातो. पण uy चं चिन्ह चुकलं तर असा इशारा मिळत नाही: t² + 2t − 3 = 0 होतं, t = 1 अशी चांगली दिसणारी वेळ येते आणि अंतर 17.3 मीटर. हा दगड खालच्या दिशेने 30° ला फेकल्याचा हिशोब झाला. म्हणून uy लिहिल्याबरोबर स्वतःला विचारा, सुटताना दगड वर निघाला की खाली.

आता डावीकडे: x = 10√3 × 3 = 30√3. इथे √3 खरोखर राहिलंय, म्हणून किंमत टाकावीच लागेल. 1.732 घेतलं तर 51.96, म्हणजे 52.0. 1.7 घेतलं तर 51.0, पहिला पर्याय. आडवी बाजू असल्यामुळे जवळपास 2 टक्क्यांची चूक 2 टक्केच राहिली, पण पर्यायही तेवढ्याच अंतरावर ठेवलेले आहेत. g ला 9.8 धरलं तर वेळ 3.046 सेकंद आणि अंतर 52.8, तिसरा पर्याय. आणि इथेही तोच सापळा आहे: √3 = 1.7 आणि g = 9.8 एकदम धरले तर 17 × 3.046 = 51.8 येतं, आणि सगळ्यात जवळचा म्हणून मुलगा 52.0 वर खूण करतो.

64.6 मागची चूक वेगळी आहे, आणि ती हुशार मुलं करतात. ती म्हणतात, गच्चीच्या पातळीवर परत येईपर्यंतची रेंज 34.6 मीटर, आणि तिथून 15 मीटर पडायला √3 सेकंद लागतात, म्हणजे आणखी 30 मीटर. बेरीज 64.6. पण गच्चीच्या पातळीवर परत येताना दगडाला खाली जाण्याचा 10 चा वेग आधीच असतो. तो तिथून नुसता सोडून दिलेला नसतो, त्यामुळे उरलेले 15 मीटर तो 1 सेकंदातच पार करतो. मार्गाचे असे आडवे तुकडे पाडायची गरजच नाही. सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकच y, चिन्हासकट, पुरतो.

आता पर्याय उलटे घालून बघू, कारण चार पर्याय हातात असताना ही सोय वापरली नाही तर ती वाया जाते. 52.8 खरं असेल तर डावीकडून वेळ 52.8/17.32 = 3.048 सेकंद. ती उजवीकडे टाका: 30.48 − 46.46 = −15.98. म्हणजे दगड जमिनीच्या जवळपास 1 मीटर आत घुसला पाहिजे. 51.0 घातलं तर वेळ 2.945 सेकंद आणि y ≈ −13.9, म्हणजे दगड अजून 1.1 मीटर हवेत. 52.0 घातलं तर y = −15.05, फक्त 5 सेंटिमीटरचा फरक, आणि तो 51.96 ला 52.0 म्हटल्यामुळे आलाय. आडव्या दिशेने 80 सेंटिमीटरवर असलेले पर्याय उभ्या बाजूला 90 सेंटिमीटरहून जास्त लांब गेले, कारण जमिनीजवळ दगडाचा खाली जायचा वेग 20 आहे आणि पुढे जायचा फक्त 17.3. अशा प्रश्नात पर्याय डोळ्यांनी ताडून बघण्यापेक्षा उजव्या बाजूला घालून बघितले तर चुकीचा पर्याय जास्त स्पष्ट उघडा पडतो.